शब्दांत नसलेली छत्री

“आणि मग ती त्याला पुन्हा बाहेर हाकलते.” शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगात एक व्यक्ती नुकतीच पाहिलेली कार्टून फिल्म समोरच्याला सांगत होती, तेव्हा तिच्या तोंडून निघालेले वाक्य एवढेच होते. ‘ती’ म्हणजे गोष्टीतली आजी, ‘तो’ म्हणजे तिचा पिवळा पक्षी खायला टपलेला बोका. आजीने त्याला कशाने हाकलले, हे वाक्यात कुठेच नाही. पण वाक्य चालू असताना सांगणाऱ्याची मूठ काहीतरी लांबट धरल्यासारखी वळली आणि हवेत आडवी फिरली. मूळ फिल्ममध्ये आजीच्या हातात छत्री असते आणि तिने ती बोक्यावर उगारलेली असते. छत्री हातात आली, तोंडात आली नाही.

हे उदाहरण डेव्हिड मॅकनील या मानसभाषाशास्त्रज्ञाचे आहे. त्यांनी 1950 सालची ‘कॅनरी रो’ ही वॉर्नर ब्रदर्सची फिल्म लोकांना दाखवायची, मग ती त्यांना पाहिलेली नसलेल्या श्रोत्याला सांगायला लावायची आणि ते सांगणे चित्रित करायचे, अशी पद्धत बसवली. बोका सिल्व्हेस्टर आणि पक्षी ट्वीटी यांची ही झटापट निवडण्यात मोठी सोय होती. सांगणाऱ्याने काय पाहिले हे संशोधकाला नेमके ठाऊक असते. त्यामुळे शब्दांत किती आले, हातांत किती आले आणि दोन्हींतून काय गळाले, याचा हिशेब मांडता येतो. सहभागी लोकांना अभ्यास हातवाऱ्यांचा आहे हे आधी सांगत नाहीत, नाहीतर हात अवघडतात. या पद्धतीवर आधारलेले मॅकनील यांचे ‘हँड अँड माइंड’ हे पुस्तक 1992 साली आले आणि पुढच्या संशोधकांनी हीच फिल्म निरनिराळ्या भाषांच्या लोकांना दाखवली.

शंका घेणारा इथे लगेच विचारील: हात हलला खरा, पण ती छत्रीच होती कशावरून? बोलताना लोक हात हलवतातच. फोनवर पलीकडच्याला काही दिसत नसतानाही हलवतात. मग एका वळलेल्या मुठीतून अख्खी छत्री काढणे म्हणजे पाहणाऱ्याच्याच मनाचे खेळ नव्हेत का?

शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर मुख्यतः वेळेत सापडते. हात कोणत्या क्षणी हलला, त्या क्षणी तोंडात कोणते अक्षर होते, हे सेकंदाच्या अंशापर्यंत ठरवता आले तरच हाताचा अर्थ वाक्याशी जोडता येतो. म्हणून या क्षेत्रातली माणसे आधी घड्याळ लावतात आणि अर्थाचे नंतर पाहतात.

हातवाऱ्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो, हे 1970 आणि 1980च्या काळात अॅडम केंडन यांनी चित्रफिती फ्रेमगणिक पाहून दाखवले. मांडीवर किंवा टेबलावर विसावलेला हात आधी उचलला जातो आणि योग्य जागी येतो, ही तयारी. मग येते ती मुख्य हालचाल. आकार दाखवणे, ढकलणे, फिरवणे हे सगळे तिच्यातच घडते आणि अर्थही तिच्यातच असतो. इंग्रजीत तिला स्ट्रोक म्हणतात. शेवटी हात आपल्या जागी परततो. जपानी संशोधक सोतारो किता यांनी यात आणखी एक बारकावा पक्का केला: मुख्य हालचालीच्या आधी किंवा नंतर हात कधी कधी हवेत थबकतो. आधी थबकला, तर तो बहुधा शब्दाची वाट पाहत असतो. नंतर थबकला, तर शब्द संपेपर्यंत आकार धरून ठेवत असतो. हा थांबा काही दशांश सेकंदांचाच असतो, पण सगळ्या हातवाऱ्यात सर्वांत बोलकी गोष्ट तीच, कारण हात रिकामा असूनही तो पुढे गेलेला नाही हे तिथे दिसते.

मॅकनील यांनी वेळेचा नियम असा मांडला: मुख्य हालचाल वाक्यातल्या सर्वांत ठासून उच्चारलेल्या अक्षराच्या आधी होते किंवा त्या अक्षराबरोबर संपते, त्याच्या मागे राहत नाही. हात पुढे धावेल, सोबत चालेल, पण मागून येणार नाही.

आता त्यांचेच सर्वांत जास्त चर्चिले गेलेले उदाहरण नीट पाहू. फिल्ममध्ये बोका एकदा पावसाच्या पाण्याच्या नळावरून, म्हणजे बाहेरून, वर चढतो आणि फसतो. दुसऱ्या वेळी तो नळाच्या आतून चढतो. ट्वीटी धावत जाऊन बोलिंगचा जड गोळा आणतो आणि वरून नळात सोडतो. गोळा बोक्याच्या पोटात जातो, बोका खाली घरंगळतो आणि थेट बोलिंगच्या खेळघरात पोचतो. हा प्रसंग सांगताना एका निवेदकाचे इंग्रजी वाक्य असे होते: ट्वीटी धावत जाऊन बोलिंग बॉल आणतो ‘अँड ड्रॉप्स इट डाउन द ड्रेनपाइप’. त्यासोबत दोन्ही तळवे खाली वळवून, जणू मोठ्या गोल वस्तूवर ठेवून, एकदम खाली दाबल्यासारखा हातवारा होता.

वरवर पाहता हा ‘ड्रॉप्स’ या क्रियापदाचा हातवारा वाटतो. ट्वीटीने गोळा टाकला, हातांनी टाकल्याचे दाखवले, विषय संपला. पण फ्रेम मोजल्यावर चित्र पालटले. हात ‘बॉल’ या शब्दाच्या आसपासच तयार होऊन वर आले होते. ‘ड्रॉप्स’ उच्चारला जात असताना मात्र ते हवेत थबकून राहिले. खाली जाण्याची हालचाल झाली ती ‘इट डाउन’ या दोन शब्दांवर. मग हात पुन्हा क्षणभर तिथेच राहिले आणि ‘ड्रेनपाइप’ येताना परतले. म्हणजे हात टाकण्यासाठी सज्ज होते, ‘टाकतो’ हा शब्दही चालू होता, आणि तरीही हातांनी तो शब्द सोडून दिला.

का सोडला? टाकणे ही ट्वीटीची क्रिया आहे. पण निवेदकाच्या मनात त्या क्षणी ट्वीटी नव्हता, गोळा होता: आतून वर येणाऱ्या बोक्यावर वरून खाली झेपावणारी एक ताकद. नळातला सामना बोका विरुद्ध गोळा असा होता, आणि तो मांडणारे शब्द ‘इट’ आणि ‘डाउन’, क्रियापद नव्हे. वाक्याचे व्याकरण ट्वीटीला कर्ता करते, हात गोळ्याला कर्ता करतात. हा अर्थ त्या वाक्यातल्या एकाही शब्दात लिहिलेला नाही. तो हाताच्या आकारात आणि मुख्य म्हणजे हाताच्या थांब्यात आहे. तोच हातवारा चार दशांश सेकंद अलीकडे झाला असता, तर संशोधकाला दुसरा निष्कर्ष काढावा लागला असता.

एकट्या थांब्यावर एवढे मोठे अनुमान उभे करणे धाडसाचे आहे आणि मॅकनील यांना ते ठाऊक होते. म्हणून ते आधीचे आणि नंतरचे हातवारेही तपासतात. त्याच निवेदकाने गोळ्याचा विषय निघेल तेव्हा दोन्ही हात सारखेच गोल धरले, आणि बोका किंवा पक्षी हलतो तेव्हा बहुधा एकच हात वापरला. हाताची एखादी लकब एकाच विषयापाशी पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती योगायोगाची नाही. छत्रीच्या बाबतीतही आधार दुहेरी आहे: मुठीचा आकार आणि फिरण्याची दिशा फिल्मशी जुळते, आणि हालचाल हाकलण्याच्या वाक्यावरच पडते. यातले एक जरी नसेल तर सावध संशोधक त्या रकान्यात ‘अनिश्चित’ लिहितो.

हे मोजतात कसे, तेही सांगायला हवे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या मॅक्स प्लांक मानसभाषाशास्त्र संस्थेने ‘इलान’ नावाचा मोफत प्रोग्राम तयार केला आहे. त्यात वर व्हिडिओ दिसतो, मध्ये आवाजाचा आलेख आणि खाली एकाखाली एक पट्ट्या. एका पट्टीवर शब्द, दुसरीवर उजवा हात, तिसरीवर डावा, चौथीवर हातवाऱ्याचे टप्पे. स्वराची उंची आणि अक्षराची सुरुवात ठरवायला अॅमस्टरडॅममध्ये तयार झालेला ‘प्राट’ वापरतात. एक मिनिटाची फीत नीट नोंदवायला कित्येक तास जातात. या कामाची सवय असलेले लोक टप्पे नोंदवताना आवाज बंद ठेवतात. शब्द कानावर पडला की हात तिथेच सुरू झाला असे डोळ्यांना वाटू लागते, आणि जे सिद्ध करायचे तेच नोंदीत आधी शिरते. दोन माणसे स्वतंत्रपणे तीच फीत नोंदवतात आणि मग ताळा घेतात. हात केव्हा निघाला यावर त्यांचे सहसा जमते. तयारी संपून मुख्य हालचाल नेमकी कुठे सुरू झाली यावर वाद होतात.

मोजमापाला एक तळ आहे. सेकंदाला 25 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते, म्हणजे त्याहून बारीक फरकाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. त्याहून मोठा घोटाळा आवाज आणि चित्र यांच्या जुळणीचा. आवाज वेगळ्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केला आणि तो चित्रापेक्षा पाच फ्रेम मागे बसवला गेला, तर फितीतला प्रत्येक हातवारा शब्दाच्या 200 मिलिसेकंद आधी आल्यासारखा दिसेल. अभ्यासकाला वाटेल की मोठा शोध लागला. म्हणून चित्रीकरणाच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून घेतात. सुरुवातीची टाळी जुळते आणि शेवटची जुळत नाही, असे झाले तर दोन यंत्रांची घड्याळे वेगवेगळ्या गतीने धावली आहेत हे कळते. मोबाइलच्या फितींत हा त्रास जास्त, कारण त्यांत फ्रेमचा वेग मध्येच बदलू शकतो. टाळी घ्यायची राहिली असेल तर ओठ कामी येतात. ‘प’ किंवा ‘ब’ म्हणताना ओठ मिटतात आणि उघडतात. ते उघडण्याची फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातला स्फोट एकाच जागी यायला हवा. नाही आला, तर त्या फितीवरून वेळेबद्दल काहीही बोलू नये.

एवढी काळजी घेऊनही संशोधकांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. 1992 सालीच पामर मोरेल-सॅम्युअल्स आणि रॉबर्ट क्राउस यांनी 60 हातवारे तपासून दाखवले की हातवारा त्याच्याशी निगडित शब्दाच्या आधी सुरू होतो. अंतर शून्यापासून 3.75 सेकंदांपर्यंत होते, सरासरी सुमारे एक सेकंद. शब्द जितका कमी परिचयाचा, तितके अंतर जास्त. क्राउस यांनी यातून असे मत मांडले की हात हलवल्याने अडलेला शब्द सापडायला मदत होते. अलीकडे ज्युडिथ हॉलर आणि सहकाऱ्यांनी डच लोकांच्या गप्पांतले प्रश्न तपासले. त्यात हात उचलला जाणे शब्दाच्या सुमारे दोन तृतीयांश सेकंद आधी, तर मुख्य हालचाल सुमारे एक पंचमांश सेकंद आधी आढळली. एक सेकंद खरा की एक पंचमांश? दोन्ही खरे, कारण मोजपट्टीचे टोक वेगळ्या जागी धरले आहे. कोणी हात उचलल्यापासून मोजतो, कोणी मुख्य हालचालीपासून. बातम्यांत असा आकडा येतो तेव्हा हा तपशील हमखास गळालेला असतो.

आणखी एक अडचण आहे, जी छत्रीच्या उदाहरणात उघडी पडते. शब्दाशी अंतर मोजायचे तर आधी तो शब्द हवा. ‘हाकलते’ या वाक्यात छत्री हा शब्दच नाही. मग हाताचे अंतर कशापासून मोजणार? अशा जागी शब्द सोडून द्यावा लागतो आणि वाक्यातला आघात धरावा लागतो: आवाज कुठे चढला, कोणते अक्षर ठासले गेले. म्हणूनच मॅकनील यांचा नियम शब्दाबद्दल बोलत नाही, अक्षरावरच्या जोराबद्दल बोलतो. शब्दांत नसलेला अर्थ ज्यांना शोधायचा आहे त्यांना दुसरी वाट नाही, आणि या मुद्द्यावर प्रस्तुत लेखकाला क्राउस यांच्यापेक्षा मॅकनील यांची बाजू जास्त पटते. हात केवळ हरवलेला शब्द शोधत असता, तर जो शब्द कधी येणारच नव्हता त्याच्यासाठी तो उठला नसता.

हात आणि जीभ एकाच दोरीला बांधलेले आहेत याचा सर्वांत ठोस पुरावा मात्र बोलणे बिघडते तिथे मिळतो. रेचेल मेबरी आणि जोसेलिन जाक यांनी तोतरेपणा असलेल्या प्रौढांना हेच कार्टून सांगायला लावले. शब्द अडकला की हातही अडके. तयारी झालेला हात हवेत गोठून राही, किंवा मांडीवर पडे, आणि शब्द सुटला की पुढे सरके. हाताला काही तोतरेपणा नसतो. तो मोकळेपणाने आपली हालचाल पुरी करू शकला असता. स्वतःचा आवाज हेडफोनमधून क्षणभर उशिरा ऐकवला तर धडधाकट माणसाचेही बोलणे रखडते, लांबते, चुकते. मॅकनील यांच्या प्रयोगांत त्या स्थितीतही हात रखडलेल्या शब्दांबरोबरच राहिले.

कोणती भाषा बोलली जाते यानेही हात बदलतो. किता आणि आस्ली ओझ्युरेक यांनी 2003 साली इंग्रजी, जपानी आणि तुर्की बोलणाऱ्यांनी सांगितलेले हेच कार्टून तपासले. पोटात गोळा गेलेला बोका उतारावरून घरंगळत जातो, तो प्रसंग इंग्रजीत एका क्रियापदात आणि एका उपवाक्यात मावतो. इंग्रजी बोलणाऱ्यांचा हात बहुधा फिरत फिरतच खाली जाई. तुर्की आणि जपानी लोकांना घरंगळणे आणि उतरणे वेगवेगळे सांगावे लागते, आणि त्यांचे हातही ते बरेचदा वेगवेगळे दाखवत: एकदा जागच्या जागी फिरणे, एकदा सरळ खाली. मराठीत आपण ‘घरंगळत खाली गेला’ म्हणतो, म्हणजे रचना तुर्कीच्या जवळची आहे.

त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष या लेखाच्या दृष्टीने अधिक मोलाचा. पडद्यावर बोका डावीकडून उजवीकडे गेला की उजवीकडून डावीकडे, हे कोणत्याही भाषेतल्या कोणीही शब्दांत सांगितले नाही. पण तिन्ही भाषांच्या लोकांचे हात बहुतेक वेळा बरोबर दिशेने गेले. म्हणजे हातवाऱ्यात दोन गोष्टी एकत्र येतात: भाषेने घटनेचे जसे तुकडे पाडले ती मांडणी, आणि भाषेने अजिबात न उचललेले डोळ्यांतले चित्र.

समोरचा हे सारे घेतो का? घेतो, आणि बहुधा त्याच्या नकळत. मॅकनील, जस्टिन कॅसल आणि कार्ल-एरिक मॅक्कलो यांनी एका निवेदकाकडून मुद्दाम काही हातवारे शब्दांशी न जुळणारे करून घेतले आणि ती फीत लोकांना दाखवून त्यांना गोष्ट पुन्हा सांगायला लावले. निवेदकाने म्हटले होते की बोका नळाच्या खालच्या टोकातून बाहेर येतो, पण हात वरखाली उसळत गेला होता. ऐकणाऱ्याने सांगताना बोक्याला जिन्यावरून खाली उतरवले. जिना ना फिल्ममध्ये होता, ना शब्दांत. उसळणाऱ्या हाताचा अर्थ लावायला ऐकणाऱ्याने तो स्वतः बांधला.

वर्गात हीच गोष्ट उपयोगाची ठरते. शिकागो विद्यापीठातल्याच सुसान गोल्डिन-मेडो यांनी 9–10 वर्षांच्या मुलांना असे गणित दिले: 4 + 5 + 3 = __ + 3. पुष्कळ मुले रिकाम्या जागी 12 लिहितात, कारण बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता बेरीज करा’ असा त्यांचा समज असतो. कसे केले विचारल्यावर मूल सांगते, “4, 5 आणि 3 मिळवले.” पण काही मुलांचे बोट हे सांगता सांगता डावीकडच्या तीन आकड्यांवर थांबत नाही, ते उजवीकडच्या 3 वरही जाते. तोंड म्हणते तीन आकडे, बोट दाखवते चार. उजवी बाजूही हिशेबात आहे हे त्या मुलाला कुठेतरी जाणवले आहे, पण ते अजून त्याच्या भाषेत आलेले नाही. मिशेल पेरी आणि ब्रेकी चर्च यांच्यासह केलेल्या 1988च्या अभ्यासात असे आढळले की हात आणि तोंड वेगवेगळे सांगणारी मुले शिकवल्यावर इतरांपेक्षा जास्त प्रमाणात पुढे सरकली. दोघांची उत्तरपत्रिका सारखीच चुकीची असते, फरक बोटात असतो.

2009च्या अभ्यासात गोल्डिन-मेडो आणि सहकाऱ्यांनी मुलांना हातवाराच शिकवला. तर्जनी आणि मधले बोट पसरून 4 आणि 5 च्या खाली धरायचे आणि मग रिकाम्या जागेकडे बोट करायचे. तोंडी मात्र सर्व गटांना एकच वाक्य दिले: ‘मला एक बाजू दुसऱ्या बाजूएवढी करायची आहे.’ 4 आणि 5 एकत्र करा हे कोणी शब्दांत सांगितले नाही. तरीही योग्य हातवारा करणारी मुले सर्वांत पुढे गेली. चुकीच्या दोन आकड्यांखाली बोटे धरायला शिकवलेली त्यांच्या मागे होती, आणि हात न वापरणारी सर्वांत मागे. यात वेळेचा वाटा किती, हे 2017 साली एलायझा काँग्डन आणि सहकाऱ्यांनी वेगळे काढले. शिकवताना एक रीत शब्दांतून आणि दुसरी हातांतून एकाच वेळी दिली, तर मुलांनी ती जास्त काळ लक्षात ठेवली आणि नव्या प्रकारच्या गणितांना लावली. त्याच दोन रीती एकीमागून एक दिल्या तर तेवढा फायदा दिसला नाही.

सगळेच हातवारे असे काही सांगत नाहीत, हे नोंदवून ठेवायला हवे. बोलताना ताल धरणारी हाताची छोटी खाली-वर हालचाल सर्वांत वारंवार दिसणाऱ्यांपैकी एक, आणि तिच्यात छत्री शोधणे व्यर्थ आहे. तिचे काम जोर देण्याचे. तेही क्षुल्लक नाही: 2021 साली हान्स रुटगर बॉस्कर आणि डेव्हिड पेटर्स यांनी दाखवले की तोच ध्वनी ऐकवताना हाताचा ठोका पहिल्या अक्षराऐवजी दुसऱ्यावर टाकला, तर डच श्रोत्यांना आघात वेगळ्या अक्षरावर ऐकू येतो.

हातातला अर्थ नोंदला न जाण्याची किंमत सर्वांत जास्त पडते ती साक्षीत. सारा ब्रोडर्स आणि गोल्डिन-मेडो यांनी 2010 साली लहान मुलांसमोर एका वादकाची भेट घडवली आणि नंतर त्या भेटीबद्दल त्यांना प्रश्न विचारले. “त्याने आणखी काय घातले होते?” हा प्रश्न कायद्याच्या भाषेत निर्दोष आहे, कारण त्यात उत्तर सुचवलेले नाही. पण विचारणाऱ्याने त्याच वेळी डोक्याजवळ हात नेऊन टोपीची खूण केली, तर वादकाच्या डोक्यावर टोपी नसतानाही मुले टोपी सांगू लागली. तोंडाने ‘टोपी होती का?’ असे विचारून जितकी दिशाभूल झाली असती, साधारण तितकीच हाताने झाली. उलट मुलांच्या स्वतःच्या हातांतही असे तपशील होते जे त्यांनी शब्दांत सांगितले नाहीत.

लेखी जबाबात यातले काहीच उरत नाही. तिथे एक निर्दोष प्रश्न आणि एक ठाम उत्तर दिसते. व्हिडिओ असला तरी कॅमेरा फक्त मुलाच्या चेहऱ्यावर रोखलेला असेल, तर टोपी कुठून आली हे नंतर कोणालाही शोधून काढता येणार नाही. त्यासाठी प्रश्न विचारणाऱ्याचे हातही त्याच चौकटीत, त्याच घड्याळावर चित्रित झालेले असावे लागतात.